मधले वर्तुळ आणि रोजचा आकडा

'व्यूहनीती अमलात आणण्यासाठी संघटनेची रचना, कार्यपद्धती, कौशल्ये आणि सामायिक मूल्ये यांचा मेळ कसा घालाल? सोदाहरण स्पष्ट करा.' गुण दहा. व्यवस्थापनाच्या उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याची काही वर्षे गेली आहेत, त्याला पुढचे उत्तर न वाचताही सांगता येते. आधी चित्र येते. कडेने सहा वर्तुळे, मध्ये सातवे, आणि सगळी एकमेकांना रेघांनी जोडलेली. मधल्या वर्तुळात 'सामायिक मूल्ये' असे लिहिलेले असते आणि ते वर्तुळ बहुधा पेन्सिलने दोनदा गिरवलेले असते. मग ठरलेली वाक्ये येतात : मूल्ये हा संघटनेचा गाभा आहे, गाभा पक्का असला की बाकीचे सहा घटक त्याच्याभोवती जुळतात, जुळले की व्यूहनीती यशस्वी होते, न जुळले की फसते. परीक्षक आठ गुण देतो. मीही दिले आहेत.

हे उत्तर अपुरे आहे असे पुष्कळ जण म्हणतात. मला तर हे उत्तरच चूक वाटते. ते परीक्षेच्या खोलीत राहिले असते तर एवढे बिघडले नसते. पण तीच मुले पुढे कंपन्यांत जातात, आणि अंमलबजावणी रखडली की दोन दिवसांचे मूल्य-शिबिर भरवून लिफ्टशेजारी पाटी लावतात.

आधी या चित्राचा उगम पाहू, कारण मूळ चित्रात मूल्यांना गाभा मानणारा हा दावा नव्हताच. जून १९८० मध्ये 'बिझनेस होरायझन्स' या नियतकालिकात रॉबर्ट वॉटरमन, टॉम पीटर्स आणि ज्युलियन फिलिप्स यांचा लेख आला. रचना म्हणजे संघटना नव्हे, असा त्याच्या शीर्षकाचाच अर्थ होता. आल्फ्रेड चँडलर यांच्या १९६२ च्या पुस्तकापासून 'आधी व्यूहनीती, तिच्यामागून रचना' हा विचार रुळलेला होता, आणि कंपनीत काही बिघडले की सल्लागार पहिल्यांदा संघटनेचा तक्ता बदलत. कोण कोणाला जबाबदार, कोणता विभाग कुठे जोडायचा, यातच महिने जात. या तिघांचे म्हणणे असे की तक्ता हा सातांपैकी एक घटक आहे. व्यूहनीती, रचना, कार्यपद्धती, नेतृत्वशैली, माणसे, कौशल्ये आणि मधले ते सातवे, ही सगळी एकमेकांत गुंतलेली आहेत. एक हलवायला जावे तर दुसरे अडवते. आणि यांतले आधीचे कोणते, वरचे कोणते, अशी उतरंड त्यांनी लावलेली नव्हती. मधल्या वर्तुळात तर 'मूल्ये' हा शब्दच नव्हता. तिथे 'सर्वोच्च ध्येये' अशा अर्थाचा शब्द होता. 'सामायिक मूल्ये' नंतर आली आणि १९८२ च्या 'इन सर्च ऑफ एक्सलन्स'च्या प्रचंड खपाबरोबर जगभर गेली. चित्रात काहीतरी मध्ये काढावेच लागते. पाठ्यपुस्तकांनी त्या मध्याचा गाभा केला आणि गाभ्याचा आरंभबिंदू.

आता उदाहरण. उत्तरपत्रिकांत उदाहरणे बहुधा यशाची असतात, कारण यशस्वी कंपनीची सातही वर्तुळे मागाहून हवी तशी जुळवता येतात. मी फसलेले उदाहरण घेतो, आणि तेही ज्याची आतून चौकशी होऊन निष्कर्ष छापले गेले असे : अमेरिकेतील वेल्स फार्गो बँक.

१९९८ मध्ये नॉरवेस्ट आणि वेल्स फार्गो या बँका एक झाल्या. नव्या बँकेची व्यूहनीती सोपी आणि मुळात शहाणपणाची होती. नवा ग्राहक आणायला खर्च फार येतो, असलेल्या ग्राहकाला आणखी एक सेवा विकायला कमी. ज्याचे बचत खाते, कार्ड, घरकर्ज आणि मुलाच्या शिक्षणाची ठेव एकाच बँकेत आहे तो सहसा सोडून जात नाही. म्हणून एका कुटुंबाकडे आपल्या किती सेवा आहेत हा आकडा बँकेने यशाचे माप म्हणून धरला. लक्ष्य होते आठ. आठच का? इंग्रजीत आठ आणि 'उत्तम' या शब्दांचे यमक जुळते, असे बँकेच्या प्रमुखांनीच वार्षिक अहवालात सांगितले होते. आकडा हिशेबातून आला नव्हता, घोषणेतून आला होता, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवायला हवे.

या बँकेची मूल्ये कागदावर कमी नव्हती. दृष्टी आणि मूल्ये सांगणारी एक चांगली जाडजूड पुस्तिकाच होती. ग्राहकाच्या हिताचे तेच करा, सचोटी सोडू नका, माणसे हीच आपली ताकद, हे सगळे तिच्यात होते. ती कपाटात पडलेली नव्हती, नवीन माणसाच्या हाती दिली जायची आणि सभांतून तिचे दाखले दिले जायचे. आमच्या नमुना उत्तराच्या मापाने मधले वर्तुळ भरलेले होते, आणि चांगल्या शाईने भरलेले होते.

आता त्याच बँकेच्या शाखेत शिरू. शाखेला तिथे 'स्टोअर', म्हणजे दुकान म्हणत. रचना विकेंद्रित होती : आपापला विभाग स्वतःच्या मालकीचा असल्यासारखा चालवा, असा मंत्र वरून दिलेला. त्यामुळे किरकोळ बँकिंगचा विभाग हे जवळपास स्वतंत्र संस्थान झाले होते. त्या विभागाची जोखीम पाहणारी अधिकारी त्याच विभागाच्या प्रमुखाला उत्तरदायी होती. बँकेच्या मुख्य जोखीम अधिकाऱ्याशी तिचा संबंध तक्त्यावरच्या तुटक रेघेपुरता होता. दरवर्षी विक्रीचे आराखडे वरून यायचे. वरिष्ठ त्यांना आपसात 'पन्नास-पन्नास' आराखडे म्हणत, कारण निम्म्याच प्रदेशांना ते गाठता येतील असे त्यांनी स्वतःच धरलेले होते. म्हणजे निम्मी माणसे नापास होणार हे परीक्षा घेण्याआधीच ठरलेले. त्यावर रोजची क्रमवारी. कोणता जिल्हा लक्ष्याच्या किती मागे आहे हे सांगणारा अहवाल रोज निघे, आणि काही ठिकाणी व्यवस्थापकांना दिवसातून अनेकदा फोनवर आकडा सांगावा लागे. जानेवारीत वेगळी मोहीम असे. तेव्हा रोजचे लक्ष्य आणखी वाढे आणि कर्मचाऱ्यांनी मित्र-नातेवाइकांच्या याद्या करून ठेवाव्यात अशी अपेक्षा असे.

काउंटरमागच्या माणसाने काय केले? त्याने खाती उघडली. ग्राहकाने मागितलेली, न मागितलेली, आणि कित्येकदा ग्राहकाला ठाऊकही नसलेली. खाते खरे दिसावे म्हणून एका खात्यातले पैसे थोडा वेळ दुसऱ्यात टाकायचे आणि परत फिरवायचे. ग्राहकाच्या नावाने स्वतःच पिन ठरवून ऑनलाइन सेवा सुरू करायची. डिसेंबरात आलेला अर्ज दाबून ठेवायचा आणि जानेवारीच्या मोहिमेत दाखवायचा. या युक्त्यांना शाखांत नावे पडली होती. जी युक्ती एकट्याने एकदा वापरलेली असते तिला नाव पडत नाही. नाव पडले याचा अर्थ ती वाटून घेतलेली रीत झाली होती. सामायिक या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला माहीत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये नियामक आणि लॉस एंजेलिस शहर यांनी मिळून बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड लावला. तोवर पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना या कारणाने काढलेले होते. संमतीविना उघडली गेली असावीत अशा ठेव खात्यांचा आकडा तेव्हा सुमारे १५ लाख होता आणि कार्डांच्या अर्जांचा साडेपाच लाखांवर. पुढच्या वर्षी फेरतपासणीत अशा संशयित खात्यांचा एकूण आकडा ३५ लाखांपर्यंत गेला. यातला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा मात्र लहान आहे. या खात्यांवर आकारलेले शुल्क म्हणून बँकेने सुरुवातीला ग्राहकांना परत केलेली रक्कम होती सुमारे २६ लाख डॉलर. अब्जावधींचा नफा करणाऱ्या बँकेच्या दृष्टीने ही चिल्लर. म्हणजे एवढा उपद्व्याप करून खोट्या खात्यांनी बँकेला जवळपास काहीच मिळवून दिले नाही. व्यूहनीती होती नाते घट्ट करण्याची. कार्यपद्धती मोजत होती खात्यांची संख्या. नात्याची खूण म्हणून घेतलेला आकडा नात्याची जागाच घेऊन बसला, आणि रिकाम्या खात्यानेही तो वाढतो हे काउंटरवरच्या माणसाला मुख्यालयाच्या कितीतरी आधी कळले. आपल्याकडेही मार्च महिन्यात एफडीचे नूतनीकरण करायला गेलेले आजोबा विम्याची पॉलिसी घेऊन घरी येतात, तेव्हा काउंटरपलीकडच्या मुलाने नीतिमत्ता सोडलेली असते असे नाही. त्याला त्या दिवशी कोणता आकडा विचारला जाणार आहे, एवढाच प्रश्न असतो.

आता नमुना उत्तराच्या कैवाऱ्यांकडे वळतो. त्यांचे पहिले म्हणणे ठरलेले असते : वेल्स फार्गोतली ती मूल्ये खऱ्या अर्थाने सामायिक नव्हतीच, पुस्तिकेतच राहिली, म्हणजे मधले वर्तुळ रिकामे होते आणि आमचा सिद्धान्त उलट सिद्धच झाला. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण मूल्ये 'खरी' होती की नाही हे ते ओळखतात कशावरून? निकालावरून. बँक चांगली चालली असती तर हीच पुस्तिका गाभा म्हणून वर्गात दाखवली गेली असती. २०१६ आधी या बँकेचे विक्रीतले यश आदर्श म्हणून सांगितले जात होतेच. जो सिद्धान्त यश आल्यावर 'मूल्ये होती' आणि अपयश आल्यावर 'मूल्ये नव्हती' असे सांगतो, त्याच्याकडून अंमलबजावणीच्या आधी काही कळण्याची आशा करू नये. आणि वर्तुळ रिकामे नव्हतेच. पुस्तिकेतली मूल्ये तिथे नव्हती, एवढेच. रोजच्या क्रमवारीने, फोनवरच्या विचारणेने आणि पुढचा पगार बुडण्याच्या भीतीने त्यात दुसरीच मूल्ये भरली होती : आकडा गाठ, कसा ते विचारू नकोस. व्यूहनीती सोडली तर बाकीचे सहाही घटक एकमेकांशी चांगले जुळलेले होते. व्यवस्थापकांची शैली क्रमवारीशी जुळलेली, भरती विक्री करू शकणाऱ्या तरुणांची, प्रशिक्षण विक्रीचे, रचना कोणी मध्ये येणार नाही अशी. मेळ होता. भलत्या गोष्टीशी होता.

दुसरे म्हणणे बँकेच्या वरिष्ठांचेच होते, आणि ते आमच्या वर्गांतही निरागसपणे येते : काही माणसे वाईट निघाली. वर्षाला सुमारे एक टक्का लोकांना या कारणाने काढावे लागते, याचा अर्थ नव्व्याण्णव टक्के बरोबर वागत आहेत, असा हिशेब वरच्या मजल्यावर मांडला जात होता. हा हिशेब पोलिसांनी पकडलेल्या चोरांवरून गावातल्या चोऱ्या मोजण्यासारखा आहे. एक टक्का म्हणजे सापडलेले. किरकोळ बँकिंगच्या याच विभागात २०११ ते २०१५ या काळात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली कधी आले नव्हते, आणि त्या प्रमाणाचा अर्थ लावण्याची कोणाला घाई नव्हती. माणसे वाईट होती की दडपणाखाली होती हे सांगणारा आणखी एक आकडा बँकेच्या स्वतःच्या दप्तरात होता : नव्याने उघडलेल्या खात्यांपैकी किती खात्यांत ग्राहकाने खरोखर पैसे भरले. विक्रीची लक्ष्ये कडक होत गेली त्या वर्षांत हे प्रमाण घसरत गेले आणि लक्ष्ये थोडी सैल झाली तेव्हा सुधारू लागले. माणसे तशीच, पुस्तिका तीच. बदलले होते फक्त लक्ष्य.

इथे मी एक गोष्ट मान्य करतो, कारण नाहीतर माझ्यावरही एकांगीपणाचा आरोप येईल. सगळा दोष बोनसवर टाकणेही चूक आहे. संचालक मंडळातील स्वतंत्र सदस्यांनी करवून घेतलेली चौकशी एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातून दिसते ते हे की बक्षिसाच्या लोभापेक्षा मागे पडण्याची, सर्वांसमोर कमी ठरण्याची आणि नोकरी जाण्याची भीती जास्त काम करत होती. कार्यपद्धती म्हणजे केवळ पगाराचा तक्ता नव्हे. रोज सकाळी पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, तोही तिच्यात येतो.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. मूल्ये इतकी दुबळी असतील तर लक्ष्यांपुढे न झुकलेली माणसे कुठून आली? ती होती. कित्येकांनी नीतिविषयक तक्रारीच्या दूरध्वनीवर कळवले, काहींनी वरिष्ठांना लिहिले, काहींनी डिसेंबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या वार्ताहराला सांगितले. आणि सगळ्या गोष्टीला जाहीर वाचा फुटली ती तिथून. म्हणजे पुस्तिकेतली मूल्ये काही माणसांत खरोखर उतरलेली होती. त्या माणसांचे काय झाले ते पाहा. तक्रार केल्यावर आपल्यालाच काढले, असे अनेकांनी पुढे सांगितले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने एका माजी व्यवस्थापकाला परत कामावर घ्यावे आणि सुमारे ५४ लाख डॉलर द्यावेत असा आदेश बँकेला दिला. सहकाऱ्यांच्या संशयास्पद व्यवहारांची माहिती वर कळवल्यानंतर त्याची नोकरी गेली होती. हे माझ्या बाजूचेच उदाहरण आहे. मूल्यांची वाण नव्हती. ज्या रचनेत 'नाही' म्हणणारी रेघ अखेर विक्रीच्या प्रमुखाकडेच जाऊन मिळते, तिथे मूल्य असलेल्या माणसाला त्या मूल्यासह उभे राहायला जागा नसते, आणि तो निघून जातो किंवा काढला जातो. उरलेल्यांची मूल्ये मग आपोआप 'सामायिक' होतात. आमच्या नमुना उत्तरात मूल्ये रचनेला घडवतात. इथे रचनेने मूल्यांची निवड केली.

घडले ते दुरुस्त कसे झाले, यावरून क्रमाचा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रमुख जॉन स्टम्फ पायउतार झाले. किरकोळ बँकिंगमधली उत्पादनविक्रीची लक्ष्ये काढून टाकण्यात आली. पुढच्या वर्षी मोबदल्याची पद्धत बदलली : किती खाती उघडली याऐवजी ग्राहक ती वापरतो का, सेवा कशी मिळाली, याला वजन आले. जोखमीची आणि मनुष्यबळाची कामे त्या संस्थानाच्या हातून काढून केंद्राकडे नेली गेली. तरीही फेडरल रिझर्व्हचे समाधान झाले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिने बँकेच्या मालमत्तेवर मर्यादा घातली. २०१७ अखेरच्या सुमारे १.९५ लाख कोटी डॉलरच्या पुढे वाढायचे नाही. कारण होते संचालक मंडळाची देखरेख आणि जोखीम व्यवस्थापन. मूल्यांबद्दल बँक दरम्यान पुष्कळ बोलली, जाहिरातीही केल्या. मर्यादा उठली ती जून २०२५ मध्ये, सात वर्षांनी. एक लक्ष्यपद्धती एका आदेशाने काढता आली; तिने वीस वर्षांत घडवलेली रचना, सवयी आणि नजर बदलायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. सातांपैकी काही घटक आठवड्यात बदलतात आणि काही दशकात, ही गोष्ट सात सारख्या आकाराच्या वर्तुळांत दिसूच शकत नाही.

म्हणून माझा आग्रह चित्र फेकून देण्याचा नाही. तीन लेखकांनी रचनेच्या एकांगी वेडाला विरोध केला तो योग्यच होता. माझा विरोध आहे तो 'मेळ आहे का?' या प्रश्नाला. त्याचे उत्तर नेहमी 'हो' किंवा 'पुरेसा नाही' असे देता येते, आणि दोन्ही उत्तरांनी काही कळत नाही. सातांपैकी दोन घटक एकमेकांवर आदळतात तेव्हा कोण जिंकते, ते विचारा. हे शोधायला शिबिर लागत नाही. शाखेत जाऊन सकाळची बैठक ऐकावी आणि पहिला विचारलेला आकडा टिपावा. तो आकडा व्यूहनीती साधल्याशिवायही वाढवता येतो का, हे काउंटरवरच्या सर्वांत नवख्या माणसाला विचारावे. त्याला ते बहुधा ठाऊक असते. जोखीम पाहणाऱ्याची बढती कोणाच्या सहीने होते ते पाहावे. आणि ज्याने गेल्या वर्षी एखादी विक्री करायला नकार दिला तो आज कुठे आहे, याची चौकशी करावी. या शेवटच्या प्रश्नाला 'असे कोणी आठवत नाही' असे उत्तर आले, तर तेही उत्तरच आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की पुढच्या सत्रात दहा गुणांचा प्रश्न असा घालून पाहावा : 'एका बँकेच्या पुस्तिकेत ग्राहकहित प्रथम असे लिहिले आहे. शाखा व्यवस्थापकाला रोज अकरा, दोन आणि चार वाजता नव्या खात्यांची संख्या कळवावी लागते. जोखीम अधिकारी विक्री प्रमुखाच्या हाताखाली आहे. सहा महिन्यांनी या शाखेत कोणते मूल्य सामायिक झालेले असेल आणि ते तुम्ही कोणत्या आकड्यावरून ओळखाल, ते लिहा. आकृती काढू नये.'